मित्राला सहलीचं बोलावणं: मराठीतून बोलीभाषेतल्या कन्नडात

प्रश्न: बंगळूरला नोकरी करतो. मैसूरकडच्या एका कन्नड मित्राला शनिवार-रविवारच्या सहलीला बोलवायचंय. मराठीत मेसेज असा लिहिला:

«काय रे, या शनिवार-रविवारी मोकळा आहेस का? आम्ही चौघं सकलेशपूरला जायचं ठरवतोय. तू पण चल ना! शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं, रविवारी रात्री परत. गाडीत एक जागा आहे. राहायचं बघून ठेवलंय. जास्त विचार करू नकोस, आज रात्रीपर्यंत सांग.»

शब्दकोश घेऊन त्याचं कन्नड असं केलं:

«ई शनिवार मत्तु भानुवार नीवु बिडुवागिद्दीरा? नावु नाल्वरु सकलेशपुरक्कॆ होगलु निर्धरिसुत्तिद्देवॆ. नीवू नडॆयिरि. शनिवार बॆळगिन जाव ऐदूवरॆगॆ हॊरडबेकु. भानुवार रात्रि हिंदिरुगुत्तेवॆ. वाहनदल्लि ऒंदु स्थळविदॆ. वसतियन्नु नोडि इट्टिद्देवॆ. हॆच्चु विचार माडबेडि. इंदु रात्रियवरॆगॆ हेळि.»

ऑफिसातल्या एकीनं वाचून सांगितलं, «सरकारी पत्र वाटतंय.» कुठे चुकलं? मित्राला लिहिल्यासारखं कसं होईल?

उत्तर:

आधी मित्राला पाठवण्याजोगा मजकूर देतो, मग तो तसा का झाला ते सांगतो.

«एनो मगा, ई वीकॆंड् फ्री इदीया? नाव् नाल्क् जन सकलेशपुरक्कॆ होगोण अंत इदीवि. नीनू बारो, ऎल्रू सेरि होगोण! शनिवार बॆळग्गॆ ऐदूवरॆगॆ हॊरट्रॆ भानुवार रात्रि वापस्. कारल्लि ऒंद् सीट् खालि इदॆ, उळ्कॊळ्ळोक्कू जाग नोडिट्टिदीवि. जास्ति योच्नॆ माड्बेड, इवत्त् रात्रि ऒळगॆ हेळ्बिडु.»

हे बंगळूर-मैसूरकडचं बोलीतलं कन्नड आहे. देवनागरीत लिहिताना मी ऱ्हस्व ए-ओ साठी ऎ, ऒ ही चिन्हं वापरली आहेत. ती डोळ्याआड करू नका. मराठीत ए आणि ओ नेहमी दीर्घच समजले जातात, कन्नडात मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे असतात आणि त्यानं शब्द बदलतो. याच मेसेजात दोन्ही शेजारी आलेत: «होगोण» म्हणजे जाऊ या, यातला पहिला ओ दीर्घ, «हॊरट्रॆ» म्हणजे निघालो की, यातला ऒ ऱ्हस्व. कन्नड लिपीत टाइप करताना चुकीचं चिन्ह पडलं तर मित्राला कळेल, पण नजर अडखळेल. आणि पाठवायचं ते कन्नड लिपीत किंवा तो एरवी चॅटवर लिहितो त्या लिपीत. इथली देवनागरी फक्त तुमच्या वाचण्यासाठी.

तुमच्या मसुद्यात व्याकरणाची चूक शोधायला गेलं तर फारशी सापडणार नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. कन्नडाचं लेखी रूप आणि बोली यांत मराठीपेक्षा बरंच जास्त अंतर आहे. मराठीत «जात आहोत» आणि «जातोय» यांत जेवढा फरक आहे, तेवढा कन्नडात जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला आणि कित्येक नामांनाही लागतो. शब्दकोश आणि पाठ्यपुस्तकं लेखी रूप देतात. त्यामुळे शब्दाला शब्द बरोबर जुळवला, तरी सगळं वाक्य वर्तमानपत्राच्या भाषेत जातं. ऑफिसातल्या बाईंना नेमकं तेच ऐकू आलं.

ते ओळखायची एक सोपी खूण आहे. मजकुरात «मत्तु», शब्दाच्या शेवटी «-अन्नु», क्रियापदाच्या शेवटी «-लु» आणि «-त्तेवॆ» किंवा «-द्देवॆ» दिसले, की तो लेखी आहे. बोलताना «मत्तु», म्हणजे आणि, बहुतेक गळून पडतो. शनिवार-रविवार नुसते शेजारी ठेवतात. «वसतियन्नु» मधला «-अन्नु» हा कर्माचा प्रत्ययही बोलताना बऱ्याचदा जातो. «होगलु», म्हणजे जायला, याचं «होगोकॆ» होतं. «इद्देवॆ» चं «इदीवि» आणि «माडुत्तिद्देवॆ» चं «माड्तिदीवि» होतं. शिवाय शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व उ सहज झडतो: नावु, नाल्कु, ऒंदु यांचे नाव्, नाल्क्, ऒंद् होतात. मेसेजातही लोक असंच लिहितात. एवढं बदललं तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं अवघड आहे, कारण तिथे व्याकरण नव्हे, मराठीची सवय आड येते. आता वाक्यं एकेक घेऊ.

«काय रे» ला «एनो» हा जवळजवळ नेमका जोड आहे. «एनु» म्हणजे काय, आणि शेवटचा ओ म्हणजे आपला «रे». हाच ओ पुढे «बारो» मध्ये येतो: बा म्हणजे ये, बारो म्हणजे ये रे. मैत्रीण असेल तर ओ च्या जागी ए येतो: एने, बारे. मात्र इथे जपा. मराठीत एक मुलगा ऑफिसातल्या मैत्रिणीला «अगं, चल ना» सहज म्हणतो. कन्नडात मुलानं मुलीला «एने», «बारे» म्हटलं तर ते घरच्या जवळिकीचं किंवा उद्धट वाटू शकतं. दोन मैत्रिणी एकमेकींना बिनदिक्कत म्हणतात. तुमची तितकी घसट नसेल तर प्रत्यय गाळून नुसतं नाव आणि «बा» लिहा. तेही अनौपचारिकच आहे.

«मगा» चा शब्दशः अर्थ मुलगा, पण बंगळूर-मैसूरच्या तरुण मुलांमध्ये तो «मित्रा», «यार» याच्या जागी बसतो. मित्र तुम्हाला मगा म्हणत असेल तरच वापरा. म्हणत नसेल तर नाव घ्या, त्यात काही कमी पडत नाही. परक्या भाषेतला लाडका शब्द आपण आधी काढला की तो पाठ करून आल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे कन्नडात समोरच्याशी बोलताना त्याचं लिंग दिसायला संबोधन हीच मुख्य जागा आहे. मराठीत «करतोयस» आणि «करतेयस» वेगळे होतात, कन्नडात «माड्तिदीया» दोघांनाही एकच. त्यामुळे मैत्रिणीसाठी हा मेसेज बदलताना फक्त «एनो मगा» आणि «बारो» ला हात लावावा लागेल, बाकी सगळं तसंच राहील.

तुम्ही «नीवु» वापरलंत, त्यानं सगळ्या मेसेजाचा सूर ठरला. «नीवु» म्हणजे तुम्ही, आणि मित्राला एकट्याला «नीवु» म्हटलं की अंतर पडतं. मराठीतल्या «तू» ला «नीनु». पण त्या मित्राबरोबर त्याची बायकोही येणार असेल आणि तुम्ही दोघांना बोलावत असाल, तर «नीविब्रू बन्नि», म्हणजे तुम्ही दोघंही या, हेच बरोबर. तिथे ते आदरासाठी नाही, अनेकवचन आहे.

«मोकळा आहेस का» साठी «बिडुवागिद्दीरा» हे सूचनापत्रातलं रूप झालं. बोलताना «फ्री इदीया?» पुरेसं आहे. आपला «का» वेगळा शब्द असतो. कन्नडात तो क्रियापदाच्या शेवटी आ होऊन चिकटतो. म्हणून इदीय म्हणजे आहेस, इदीया म्हणजे आहेस का. कन्नड लिपीत लिहिताना शेवटचा दीर्घ आ लिहायचा राहून गेला तर प्रश्न विधान होऊन बसतो. «शनिवारी» चं «शनिवारदल्लि» करायचा मोह आवरा. तुम्ही तो आवरलात ते चांगलं केलंत. वाराला बोलीत प्रत्यय लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: «आम्ही चौघं सकलेशपूरला जायचं ठरवतोय. तू पण चल ना!»

मराठीत इथे एक फार बारीक काम होतं, आपल्या लक्षातही येत नाही. «आम्ही» म्हटल्यावर मित्र बाहेर आहे, ठरवणारे आम्ही. मग «तू पण चल» म्हणून त्याला आत घेतलं. पुढे «आपण निघू» म्हटलं असतं तर तो आत आहे हे «आपण» नंच सांगितलं असतं. आम्ही आणि आपण हा भेद तमिळ, तेलुगूमध्येही आहे, आणि मराठीत तो दक्षिणेच्या शेजारामुळे आला असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण आजच्या कन्नडात तो नाही. दोन्हींसाठी एकच «नावु». त्यामुळे मराठीतून कन्नडात येताना मित्र आत की बाहेर ही माहिती गळून जाते, आणि ती दुसऱ्या वाटेनं परत आणावी लागते. आणली नाही तर मेसेज «आम्ही जातोय, तुला कळवतोय» असा थंड वाटतो.

ती आणायला कन्नडात दोन साधनं आहेत. एक «-ओण» हे रूप: होगोण म्हणजे जाऊ या, हॊरडोण म्हणजे निघू या. यात ऐकणारा आपोआप सामील होतो. दुसरं «ऎल्रू सेरि», म्हणजे सगळे मिळून. म्हणून मी «नीनू बारो, ऎल्रू सेरि होगोण» असं लिहिलं. मराठी मजकुरात «सगळे मिळून जाऊ» हे शब्द नाहीत, तरीही ते घालणं म्हणजे पदरचं भरणं नव्हे. मराठीच्या सर्वनामात जे होतं तेच कन्नडात उघडं करून ठेवलंय. फक्त «आपण» शोधायला शब्दकोशाकडे जाऊ नका. तिथे «तावु» हाती लागू शकतो, आणि तो «आपण याल का» मधला आदरार्थी आपण आहे, जाऊ या मधला नव्हे.

«जायचं ठरवतोय» चं तुम्ही «होगलु निर्धरिसुत्तिद्देवॆ» केलंत. निर्धरिसु म्हणजे निर्णय घेणं; ते मंत्रिमंडळाला शोभतं. मित्रामित्रांत «होगोण अंत इदीवि» म्हणतात. शब्दशः पाहिलं तर «जाऊ या म्हणून आहोत». हा «अंत» म्हणजे आपल्या बोलण्यातला «म्हणून», दुसऱ्याचं किंवा स्वतःचं बोलणं, मनातलं धरून ठेवणारा. याची सवय लागली की अनौपचारिक कन्नड एकदम सुटं होतं, कारण मराठीतलं «असं ठरवतोय, असं वाटतंय, असं म्हणतोय» यातलं बरंच काही एका «अंत» वर निभावतं.

«चौघं» साठी «नाल्वरु» शुद्ध आहे पण लेखी. बोलताना दोनासाठी «इब्रु» चालतं, पुढे मात्र बहुतेक «मूर् जन», «नाल्क् जन», «ऐद् जन».

गावाच्या नावाला «ला» लावताना लक्ष द्या, कारण उद्या बेत बदलला तर तुम्हाला हाच शब्द बदलावा लागेल. मराठीचा «ला» सगळीकडे सारखा बसतो. कन्नडात नाव कशानं संपतं यावर ते ठरतं. अ नं संपणाऱ्याला «-क्कॆ»: सकलेशपुरक्कॆ, गोकर्णक्कॆ. इ नं संपणाऱ्याला «-गॆ»: बादामिगॆ, मडिकेरिगॆ. उ नं संपणाऱ्यात उ जाऊन «-इगॆ»: मैसूरिगॆ, बॆंगळूरिगॆ. आणि नाव कन्नडातलंच घ्या. आपलं बदामी तिथे बादामि, पहिला आ दीर्घ. 1 नोव्हेंबर 2014 पासून राज्यातल्या 12 शहरांची नावं अधिकृतपणे कन्नड उच्चाराप्रमाणे झाली: बॆळगावि, विजयपुर, कलबुरगि, हुब्बळ्ळि वगैरे. यातली काही नावं कन्नडिग आपसात पूर्वीपासून वापरत आलेत.

आता «चल». या एका शब्दावर बोलावणं उभं आहे, आणि तुमच्या मसुद्यात तो सगळ्यात जास्त घसरला. «चल» ला शब्दकोशात «नडॆ» मिळतं. नडॆ म्हणजे चालणं, पायी चालणं. «नीवू नडॆयिरि» म्हणजे «आपणही चालावं», जणू मिरवणुकीत. कन्नडात «नडि, होगोण» असं म्हणतात, पण ते उठून निघताना, «चल, निघू» या अर्थी. दोन दिवसांनंतरच्या सहलीला बोलावताना तिथे «बा», म्हणजे «ये», म्हणतात. मराठीत आपण मित्राला आमच्यासोबत हालचाल करायला सांगतो, कन्नडात आमच्यात यायला सांगतो. म्हणून नीनू बारो.

यातल्या «नीनू» चा ऊ दीर्घ आहे, आणि तोच «तू पण» मधला «पण». ऱ्हस्व ठेवून «नीनु बारो» लिहिलंत तर «तू ये रे» एवढंच उरतं, इतर जाताहेत आणि तूही ये हा अर्थ जातो. एका मात्रेत एक शब्द राहतो. पुढे «उळ्कॊळ्ळोक्कू» मध्येही तोच ऊ आहे: राहायलासुद्धा जागा पाहिली आहे.

«ना» मात्र तसाच न्यायचा नाही. «चल ना» मधला आर्जवाचा ना कन्नडात नाही, आणि «बा ना» लिहिलं तर वाचणारा «ना» ला नानु म्हणजे मी समजून घोटाळू शकतो. गोंधळ वाढवायला कन्नडातही शब्दाला चिकटणारा एक «ना» आहे, पण तो प्रश्नाचा: «फ्रीना?» म्हणजे फ्री आहेस का? आर्जव करायचं तर ते «बारो» च्या ओ मध्ये येतं. आणखी हवं तर «बारो, चॆन्नागिरत्तॆ कणो», म्हणजे ये रे, मस्त होईल रे. «येतोस ना?» मधला ना वेगळा, तिथे आपण होकार गृहीत धरतो. त्याला «बर्तीया अल्वा?» बसतं. «दयविट्टु», म्हणजे कृपया, मित्राच्या मेसेजात घालू नका, विनंतीअर्ज होतो.

वेळेचं वाक्य सरळ दिसतं, पण गाडी चुकवण्याची ताकद यातच आहे. «निघायचं» चं तुम्ही «हॊरडबेकु» केलंत. मराठीचं «-आयचं» बेत सांगतं, कन्नडाचं «-बेकु» म्हणजे पाहिजे, लागतं. «हॊरडबेकु» म्हणजे निघालंच पाहिजे. आमंत्रणात हुकूम घुसतो. बेत सांगायला «हॊरडोण», निघू या, किंवा मी केलंय तसं «हॊरट्रॆ», निघालो की. «पहाटे» ला «बॆळगिन जाव» हा शब्द अगदी बरोबर आहे, पण वेळ साडेपाच लिहिलीच आहे म्हटल्यावर मित्र «बॆळग्गॆ» वरच भागवतील.

आकडा पाहा. कन्नडात सव्वा, साडे, पावणे हे सगळे आधी होऊन गेलेल्या तासावर मोजतात. सव्वापाच म्हणजे ऐदू कालु, पाच आणि पाव. साडेपाच म्हणजे ऐदूवरॆ, पाच आणि अर्धा. पावणेसहा म्हणजे ऐदू मुक्कालु, पाच आणि पाऊण. शेवटचं मराठी माणसाला हमखास फसवतं. आपण «पावणेसहा» मधला सहा उचलून «आरु मुक्कालु» म्हणतो, आणि ते होतात पावणेसात. चौघं रस्त्यात उभे आणि पाचवा अजून अंथरुणात, असा एक तासाचा फरक. दीड आणि अडीच लाही स्वतंत्र शब्द नाहीत: ऒंदूवरॆ, ऎरडूवरॆ.

दुसरा खड्डा याच शब्दात. साडेपाच ला «ऐदूवरॆ», आणि «साडेपाचला» म्हणायला त्याला «गॆ» लागतो: «ऐदूवरॆगॆ». आणि «पर्यंत» साठी कन्नडात शब्द आहे «वरॆगॆ». मग «ऐदूवरॆगॆ» म्हणजे साडेपाचला, आणि «ऐदरवरॆगॆ» म्हणजे पाचपर्यंत. फरक दू आणि दर एवढाच. साडेपाचपर्यंत म्हणायचं तर «ऐदूवरॆवरॆगू». कन्नड माणसाला यात शंका येत नाही, पण तुम्ही घाईत टाइप करताना एक अक्षर गाळलंत तर वेळ बदलते. म्हणून वेळेजवळ आकड्यात 5:30 लिहून टाका. त्यानं मैत्रीचा सूर कुठेही कमी होत नाही.

याच «पर्यंत» नं तुमचं शेवटचं वाक्य पाडलं. मराठीचा पर्यंत दोन कामं करतो: «रात्रीपर्यंत खेळलो» यात तो कालावधी आहे, «रात्रीपर्यंत सांग» यात मुदत. कन्नड ही दोन कामं वाटून देतं. कालावधीला «वरॆगॆ» किंवा «तनक», मुदतीला «ऒळगॆ», म्हणजे आत. तुमचं «इंदु रात्रियवरॆगॆ हेळि» वाचल्यावर «आज रात्र होईस्तोवर सांगत राहा» असा अर्थ निघतो. हवं ते «इवत्त् रात्रि ऒळगॆ», आज रात्रीच्या आत. «इंदु» हाही आज, पण बातम्यांतला, घरात इवत्तु.

«गाडीत एक जागा आहे» मध्ये «वाहनदल्लि स्थळविदॆ» का नको ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल. पण «गाडि» सुद्धा मी टाळलं. बंगळूरकडे गाडि म्हटलं की बऱ्याचदा दुचाकी डोळ्यासमोर येते, आणि पाच जण दुचाकीवर बसत नाहीत. «कारल्लि ऒंद् सीट् खालि इदॆ» मध्ये शंका उरत नाही. यातल्या «खालि» ला दचकू नका. कन्नडात तो रिकामा या अर्थी रोजचा शब्द आहे, आपल्या वर-खाली मधला खाली नव्हे.

«बघून ठेवलंय» हे वाक्य मात्र जसंच्या तसं जातं, आणि ते पाहून खरंच आनंद होतो. नोडि म्हणजे बघून, इडु म्हणजे ठेव, नोडिट्टिदीवि म्हणजे बघून ठेवलंय. एका क्रियापदाला दुसरं जोडून रंग भरायची ही रीत दोन्ही भाषांत सारखी आहे. तशीच आपली «टाक» ची जोडी: सांगून टाक, करून टाक. कन्नडात तिथे «बिडु», म्हणजे सोड, येतो: हेळ्बिडु, माड्बिडु. तुमच्या मराठीत नुसतं «सांग» होतं. त्याला नुसतं «हेळु» ही चाललं असतं, पण ते जरा कोरडं आणि आज्ञेसारखं पडतं. «हेळ्बिडु» मध्ये «सांगून मोकळा हो» हा मोकळेपणा येतो. फक्त «बिडु» एकटा वापरू नका. एकटा «बिडु» म्हणजे «जाऊ दे, सोड», आणि बोलावणंच मागे घेतल्यासारखं होईल.

राहिला «विचार». कन्नडात हा शब्द आहे, पण दक्षिणेकडे तो बहुतेक वेळा «विषय, बाब» या अर्थानं येतो, आणि «विचारिसु» म्हणजे चौकशी करणं, आपल्या «विचारणे» सारखंच. काळजी करत बसू नकोस, डोकं चालवत बसू नकोस यासाठी त्या बाजूला «योच्नॆ» म्हणतात. लेखी रूप योचनॆ. याला आपली योजना समजू नका. आणि «माडबेडि» चं «माड्बेड», कारण एकदा नीनु धरलं की शेवटपर्यंत तेच. वाक्याच्या सुरुवातीला «नीनु» आणि शेवटी «हेळि» ही भेसळ सुधारलेल्या मसुद्यांतही राहून जाते. पाठवण्याआधी फक्त क्रियापदांच्या शेपट्या एकदा वाचा: बा, इदीया, माड्बेड, हेळ्बिडु. एखादी «-इ» नं किंवा «-इरि» नं संपत असेल तर ती तुम्ही-वाली राहून गेली आहे.

सहलीला शब्द घालायचाच झाला तर «ट्रिप्». «प्रवास» हाही कन्नडात सहलीलाच म्हणतात, शाळेची सहलसुद्धा प्रवास; पण मित्रांच्या गप्पांत ट्रिप् जास्त ऐकू येतं. तुमच्या मेसेजात मुळातच असा शब्द नाही, तेव्हा मी घातला नाही.

हे सगळं मित्र मैसूरकडचा आहे म्हणून. धारवाड-हुबळीकडचा असता तर मजकूर निराळा झाला असता. तिथे बेड चं ब्याड होतं, इदॆ च्या जागी ऐति, जन च्या जागी मंदि, सकलेशपुरक्कॆ चं सकलेशपुरक्क, आणि प्रश्नाला शेवटी एन लागतो: बर्तीएन? मगा तिकडचा नव्हे. मित्रांत «दोस्त» आणि «लॆ» चालतात. मराठी माणसाला ते कन्नड जवळचं वाटतं, कारण रविवार आणि विचार माडु हे तिकडे सहज बोलतात. पण दोन्हींची भेसळ करू नका. मैसूरच्या मित्राला «मगा, योच्नॆ माड्ब्याड» लिहिलं तर ते कुठल्याच गावचं राहत नाही.

शेवटची तपासणी अशी करा. कन्नड मजकूर बाजूला ठेवून त्याचं शब्दाला शब्द मराठी मनात लावा: «काय रे पोरा, या वीकेंडला फ्री आहेस? आम्ही चार जण सकलेशपूरला जाऊ या म्हणून आहोत. तूही ये रे, सगळे मिळून जाऊ. शनिवारी सकाळी साडेपाचला निघालो की रविवारी रात्री परत. कारमध्ये एक सीट रिकामी आहे, राहायलाही जागा बघून ठेवलीय. जास्त विचार करू नको, आज रात्रीच्या आत सांगून टाक.» मूळ मराठी मेसेज तंतोतंत परत येत नाही, पण बोलणारा माणूस तोच येतो. तुमचा पहिला मसुदा असाच उलटा लावून पाहा: «या शनिवार आणि रविवारी आपण रिक्त आहात का? आम्ही चार व्यक्ती जाण्याचा निर्धार करत आहोत. आपणही चालावे.» कुठला भाग अजून पत्रासारखा आहे ते लगेच कानाला कळेल, आणि पुढच्या वेळी शब्दकोश उघडण्याआधीच कळेल.